बुद्धिमत्तेच्या प्रश्नावलीवरून शाखा ठरवावी का?

*माझा मुलगा दहावीत आहे. शाळेत बाईंनी मुलांकडून ‘बहुविध बुद्धिमत्ते’ची प्रश्नावली भरून घेतली. त्यात त्याला शारीरिक बुद्धिमत्तेत ४० पैकी ३६ आणि तार्किक-गणिती बुद्धिमत्तेत फक्त १४ गुण आले. बाई म्हणतात, सायन्सला घालू नका. तो कबड्डी छान खेळतो, पण त्याला इंजिनीअर व्हायचंय. शाळेत गणितात सत्तरच्या आसपास गुण असतात. काय करावं? — एक आई, सातारा*

ताई, नमस्कार.

या १४ गुणांवरून सायन्स सोडू नका. घरी ती प्रश्नावली असेल तर एकदा वाचून बघा. ‘मला कोडी सोडवायला आवडतात’, ‘मला एका जागी बसवत नाही’ अशी विधानं असतात आणि मुलानं १ ते ५ मधला आकडा लिहायचा असतो. त्यात एकही गणित सोडवायचं नसतं. म्हणजे त्याला गणित किती येतं हे तिथं कुणी पाहिलेलंच नाही. त्या दिवशी त्याला काय आवडत होतं, एवढंच त्यानं सांगितलं. कबड्डीत रमलेला मुलगा असाच कागद भरणार.

ज्या सिद्धांताच्या नावावर ही प्रश्नावली चालते, तो हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडला. बुद्धी एक नाही. भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक, आकार आणि जागा ओळखण्याची म्हणजे अवकाशीय, दुसऱ्या माणसांना ओळखण्याची म्हणजे आंतरव्यक्तिक आणि आत्मभानाची अशा सात स्वतंत्र बुद्धिमत्ता आहेत, असं त्यांचं म्हणणं. निसर्गविषयक बुद्धिमत्ता पुढे आठवी म्हणून आली. मेंदूच्या एका भागाला इजा झाली की माणसाची भाषा जाते पण गाणं शाबूत राहतं, अशा उदाहरणांचा त्यांनी आधार घेतला. मुलांना मोजायची चाचणी मात्र त्यांनी या सिद्धांतासोबत दिली नाही. शाळांमध्ये फिरणाऱ्या प्रश्नावल्या इतरांनी तयार केल्या आहेत.

बाईंचा हेतू चांगलाच आहे, हे मी मनापासून म्हणतो. साठ मुलांच्या वर्गात नापासाचा शिक्का बसलेलं एखादं पोर स्नेहसंमेलनाचा सगळा पसारा एकटं सांभाळतं, हे शिक्षक डोळ्यांनी बघत असतात. गुणपत्रिकेत त्याला जागा नसते. गार्डनर यांनी त्याला ‘बुद्धी’ म्हटलं, म्हणून हा सिद्धांत जगभरच्या शिक्षकांना आपला वाटला. एकच धडा गोष्टीतून, चित्रातून, कृतीतून शिकवायला त्यानं बळ दिलं, आणि ते वर्गाच्या फायद्याचंच आहे.

मानसशास्त्रज्ञांचा आक्षेप ‘स्वतंत्र’ या शब्दाला आहे. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं की एका बौद्धिक चाचणीत पुढे असणारे लोक दुसऱ्या चाचणीतही सहसा पुढे असतात. पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या व्हिसर, अॅश्टन आणि व्हर्नन या संशोधकांनी गार्डनर यांच्या आठही क्षेत्रांसाठी प्रत्येकी दोन चाचण्या निवडल्या आणि २०० प्रौढांना दिल्या. भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग आणि माणसं ओळखणं यांच्या चाचण्यांतले गुण एकमेकांशी चांगलेच जोडलेले निघाले. शारीरिक आणि सांगीतिक चाचण्या बऱ्याच अलग राहिल्या. गार्डनर यांनी उत्तर दिलं की असल्या चाचण्यांत भाषा आणि तर्क लागतोच, त्यामुळे त्या बुद्धिमत्ता शुद्धपणे मोजत नाहीत. त्यावर टीकाकार विचारतात, मग हा सिद्धांत चुकीचा असेल तर ते कळणार तरी कशावरून? मला हा प्रश्न रास्त वाटतो.

तुमच्या मुलासाठी यातली कामाची गोष्ट अशी की या क्षमतांचा तराजू नसतो. शरीर चपळ म्हणजे गणित कच्चं, असं गार्डनरही म्हणत नाहीत आणि त्यांचे टीकाकारही नाहीत. बाईंच्या सल्ल्यात नेमकं तेच गृहीत धरलं गेलंय.

आता त्याच्या गणिताच्या शेवटच्या दोन-तीन उत्तरपत्रिका काढा आणि गेलेले तीस गुण कुठे गेले ते त्याच्यासोबत बसून बघा. रीत बरोबर पण आकडेमोड चुकली असेल, किंवा वेळ न पुरल्यामुळे शेवटचे प्रश्न राहून गेले असतील, तर ते सरावानं भरून निघतं. पण शाब्दिक उदाहरण वाचून समीकरणच मांडता येत नसेल, भूमितीत दिलेली माहिती आणि सिद्ध करायचं यांचा दुवा लागत नसेल, तर अकरावीचं गणित जड जाईल. तसं असेल तर सुट्टीत बीजगणित पाठ्यपुस्तकातून पुन्हा करून घ्या आणि त्यानं आधी न पाहिलेली वीस शाब्दिक उदाहरणं मदतीशिवाय सोडवायला द्या. त्यातली बहुतेक नीट मांडली, तर गणितासह सायन्स घ्या. तरीही अडखळला, तर दहावीनंतरच्या डिप्लोमाची चौकशी करा. तिथंही गणित असतं, पण प्रात्यक्षिकाचा वाटा मोठा असतो. आणि या काळात त्याची कबड्डी बंद करू नका.