टॅगवरची गोष्ट आणि लिंबात भिजवलेला कुर्ता

प्रश्न: कुर्त्यांचा छोटा ब्रँड काढतेय. हँगटॅगवर आमची गोष्ट, धुण्याच्या सूचना आणि किंमत असं सगळं बसवायचं आहे. टॅग केवढा घ्यावा आणि कुठे काय लिहावं?

उत्तर:

टॅगवरच्या एका वाक्यापायी माझा एक कुर्ता वाया गेला, एक गिऱ्हाईक तुटता तुटता राहिलं आणि पुढे भागीदारीही मोडली. त्यामुळे हे जरा लांबणार आहे.

आम्ही दोघी मैत्रिणी. जयपूरजवळच्या बगरूहून ठशांची छपाई केलेलं सुती कापड आणायचो आणि पुण्यात शिवून घ्यायचो. पहिला टॅग आम्ही फार हौसेने केला होता. जाड क्राफ्ट कागद, पुढे नाव, मागे मातीशी आणि परंपरेशी असलेल्या नात्याबद्दल मोठा परिच्छेद. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात धुण्याची सूचना: ‘रंग पक्का होण्यासाठी पहिल्या धुण्याआधी कुर्ता मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा.’ हे वाक्य आलं कुठून? दुसऱ्या एका ब्रँडच्या टॅगवरून. मांडणी माझी होती, मजकूर मैत्रिणीचा होता आणि कापडाचा एक तुकडासुद्धा दोघींपैकी कोणी भिजवून पाहिला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. घरी व्हिनेगर नव्हतं म्हणून त्यांनी चार लिंबं पिळली होती, आणि रंग जास्त पक्का व्हावा म्हणून कुर्ता रात्रभर ठेवला होता. सकाळी काळी बुट्टी मातकट पिवळी झालेली. ‘ताई, तुमच्या टॅगवर होतं तेच केलं मी,’ एवढंच त्या म्हणाल्या. लिंबू आमच्या टॅगवर नव्हतं हे खरं. पण घरात आंबट म्हणून जे असेल तेच माणूस घेणार. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

कुर्ता त्यांनी आणून दाखवला. एक बाही टबाच्या काठावर राहिली होती आणि तेवढ्या भागातली बुट्टी काळीभोर होती. तिच्याखाली पाण्याची सरळ रेघ, आणि रेघेखाली सगळं फिकट. रंग कच्चा असता तर तो निघून आजूबाजूच्या पांढऱ्या जमिनीला, म्हणजे बुट्टीमागच्या कापडाला, लागला असता. इथे जमीन स्वच्छ होती आणि फक्त काळा नाहीसा झाला होता. म्हणजे रंग सुटला नव्हता, मोडला होता.

मी बगरूच्या छपाईवाल्यांना फोटो पाठवला. त्यांचं पहिलं वाक्य: ‘खटाई लगी है.’ मग त्यांनी समजावलं. त्यांचा काळा, ज्याला ते स्याही म्हणतात, भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून करतात. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की धाग्यावरच काळा तयार होतो. पाण्याला हा रंग चांगला टिकतो, पण आंबटाला टिकत नाही. लिंबातलं आम्ल लोखंडाला ओढून घेतं आणि मागे हिरड्याचा पिवळटपणा उरतो. म्हणजे रंग पक्का करायचा म्हणून जो उपाय आम्ही छापला होता, तोच त्या रंगाचा शत्रू होता. मिठाचंही तसंच. काही रासायनिक रंगांत कापड रंगवताना मीठ घालतात, त्याने रंग धाग्याकडे सरकतो. तयार कुर्त्यावर ते काहीच पक्कं करत नाही.

त्या रात्री मी जे केलं ते तुम्ही टॅग छापण्याआधी करा. त्याच थानाचे तळहाताएवढे पाच तुकडे कापले आणि प्रत्येकाला पांढऱ्या सुती कापडाची पट्टी टाचली. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या, एक व्हिनेगरच्या, एक लिंबाच्या आणि एक रोजच्या धुण्याच्या पावडरीत. मीठ आणि साधं पाणी यांत मला काही फरक दिसला नाही. व्हिनेगरमधला तुकडा सकाळपर्यंत करडा झाला आणि लिंबातल्याची बुट्टी शोधावी लागली. पांढऱ्या पट्टीकडे नीट बघा. तिला रंग लागला तर ‘वेगळं धुवा’ लिहायचं. नाही लागला तर उगाच लिहायचं नाही. शिवाय त्याच थानावर 50 सेंटीमीटरचा चौकोन दोऱ्याने आखून कापड धुतलं, वाळवलं आणि मोजलं. उभ्यात 48 भरलं. चार टक्के आटणं म्हणजे 110 सेंटीमीटर लांबीच्या कुर्त्यात साडेचार सेंटीमीटरला जरासं कमी. गुडघ्याखाली येणारा कुर्ता गुडघ्यावर येतो. तेव्हापासून आम्ही कापड धुऊनच शिवायला देतो.

आता खरं भांडण. एवढं झाल्यावर माझ्या भागीदारीणबाईंचा तोडगा होता, सगळ्या कुर्त्यांवर ‘ओन्ली ड्राय क्लीन’ छापून मोकळं व्हायचं, म्हणजे जबाबदारी आपल्यावर नाही. मला तेव्हाही हे पटलं नाही, आजही पटत नाही. 1,450 रुपयांचा रोज घालायचा सुती कुर्ता कोणी ड्राय क्लीनला देत नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही. मग ती सूचना कोणी वाचत नाही. आणि ज्या कुर्त्याला खरंच जपायला हवं, त्याच्या टॅगवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. ग्राहकाला घाबरवून आपण सुटत नाही. त्याला कारण सांगितलं की तो लक्षात ठेवतो.

तिचं दुसरं म्हणणं असं की गोष्ट ही गोष्ट असते, त्यात धुण्याचं रडगाणं नको. मी उलट म्हणते. गोष्ट तीच सांगा जिच्यातून धुण्याची सूचना आपोआप निघते. मातीशी नातं कुठल्याही कुर्त्याला चिकटवता येतं. लोखंड आणि गूळ याच कुर्त्याचे आहेत. आमचा आताचा टॅग असा आहे, हवा तर साचा घ्या, मजकूर मात्र तुमच्या कापडाचा हवा:

‘या कुर्त्यातला काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून केला आहे. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर बगरूच्या छपाईकारांनी तो लाकडी ठशाने उमटवला. लिंबू, व्हिनेगर, चिंच लागली तर हा काळा उडतो. तेवढं जपा. बाकी थंड पाणी, सौम्य साबण आणि सावली.’

एवढा मजकूर 5 बाय 9 सेंटीमीटरच्या टॅगच्या एका बाजूवर वाचता येईल अशा अक्षरात बसतो. नाही बसला तर मजकूर कापा, टॅग वाढवू नका. मोठा टॅग ट्रायल घेताना मानेला टोचतो आणि मग दुकानातच तुटतो.

धुण्याची सूचना फक्त टॅगवर ठेवू नका, कारण टॅग पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो आणि कुर्ता पुढे पाच वर्षं धुतला जातो. आतून बाजूच्या शिवणीत सॅटिनचं वॉशकेअर लेबल हवंच. त्यावर टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री, वर्तुळ अशी चिन्हं त्याच क्रमाने द्या आणि खाली एक ओळ मराठीत: ‘लिंबू-व्हिनेगर लावू नका.’ आंबटासाठी चिन्हच नाही, ते शब्दांतच सांगावं लागतं. छापणाऱ्याला शाईची रिबन कोणती वापरतो ते विचारा. मेणाची रिबन स्वस्त पडते, पण अक्षरं धुण्यात पुसतात. सॅटिनला रेझिन रिबन लागते. पाच-दहा लेबलं जुन्या चादरीला शिवा, आठवडाभर धुवा आणि मगच ऑर्डर द्या.

किंमत गोष्टीच्या टॅगवर छापू नका. त्याच दोऱ्यात दुसरा छोटा टॅग अडकवा आणि तो लॉटप्रमाणे थोडा थोडा छापा. 22 सप्टेंबर 2025 पासून 1,000 ते 2,500 रुपयांच्या कपड्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. तेव्हा मी फक्त छोटे टॅग बदलले. तोवर भागीदारी मोडली होती, आणि तिने किंमत गोष्टीखालीच छापलेली असल्यामुळे तिची सगळी चळत बदलावी लागली. किंमत म्हणजे सर्व करांसह एमआरपी. किंमत उतरवायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर चालतं, पण जुनी छापील एमआरपी त्याखाली झाकायची नाही. वाढवण्यासाठी स्टिकर लावायचंच नाही. या छोट्या टॅगला मध्ये छिद्रांची रेघ मारून घ्या, म्हणजे भेट देणाऱ्याला किंमत तेवढी फाडता येते आणि साइज खाली राहतो.

त्याच छोट्या टॅगवर कायद्याने लागणारं बाकीचंही येतं: तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, आणि साइज एम-एल असा व शेजारी सेंटीमीटरमध्ये. हे हँगरवर सुट्या विकल्या जाणाऱ्या कुर्त्याबद्दल झालं. पिशवीत बंद करून विकणार असाल तर महिना-वर्ष, नग वगैरे आणखी माहिती लागते, ती वैधमापन म्हणजे वजन-माप खात्याकडून तपासून घ्या.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझी सगळी कथा लोखंडाच्या काळ्याची आहे. तुमचं कापड स्क्रीन प्रिंटचं किंवा रासायनिक रंगाचं असेल तर लिंबाची ओळ तुम्हाला बहुधा लागू नाही. निळीचं असेल तर प्रश्न धुण्याचा कमी आणि घासण्याचा जास्त. पांढरा रुमाल आधी कोरडा आणि मग ओला करून दहा वेळा घासून बघा. निळा झाला तर ‘सुरुवातीला फिकट पर्स आणि सोफ्याला रंग लागू शकतो’ असं सरळ लिहा. आणि टॅगचा दोरा रंगीत घेणार असाल तर तोही पांढऱ्या कापडावर ओला करून ठेवा. पावसाळ्यात माझ्या एका बदामी कुर्त्याच्या गळ्यावर लाल दोऱ्याचा डाग पडला होता. आता मी कोरा सुती दोरा घेते आणि तो नेक लेबलच्या फासातून ओवते, कापडातून नाही.

त्या बाईंना मी त्याच बुट्टीचा दुसरा कुर्ता दिला. त्यांचा जुना माझ्याकडे आहे. कापडाचा नवा व्यापारी ‘धुण्याचं नेहमीचंच लिहा हो’ म्हणाला की मी त्याच्यापुढे ती बाही उलगडते.