सीझनआधी हॉटेलच्या पाण्यात लिजिओनेलासाठी काय तपासावं?

प्रश्न: कळंगुटला आमचं छोटं हॉटेल आहे, पावसात एक विंग बंद असते. बॉयलर 60 वर ठेवतो, कूलिंग टॉवरला क्लोरीन घालतो. सीझनआधी लिजिओनेलासाठी आणखी काही करावं लागेल का?

हो, आधी थर्मामीटर घेऊन शेवटच्या खोलीत जा. बार्देशातल्या हॉटेलांच्या मेंटेनन्सची कामं मी बघतो. बॉयलरचा काटा सगळीकडे 60 दाखवतो, गोची पुढच्या लाइनमध्ये असते.

एका हॉटेलात रिटर्नचं पाणी 52 अंशांनी परत येत होतं, म्हणजे तसं ठीकच. पण टोकाच्या खोलीत मिनिटभर नळ सोडूनही 43. लिजिओनेला हा जिवाणू साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो, 50 च्या वर वाढत नाही, 60 ला काही मिनिटांत मरतो. झालं होतं असं, की पाणी जवळच्या ब्रांचमधून फिरून सोप्या वाटेने परत येत होतं आणि लांबची ब्रांच जवळजवळ थांबलेली होती. त्यात वीज वाचवायला रात्री पंप बंद. जवळच्या ब्रांचचे बॅलन्सिंग व्हॉल्व आवळले, पंप चोवीस तास चालू ठेवला, तेव्हा टोकाला 54 मिळालं. नळाला मिक्सिंग व्हॉल्व असेल तर त्याच्या अलीकडे, गरम पाइपवर तापमान मोजा. नळातून येणारं पाणी मुद्दामच कोमट केलेलं असतं.

थंड पाणी 20 च्या खाली ठेवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे गच्चीवरची टाकी डिसेंबरातही तेवढी थंड होत नाही! म्हणून इथे भिस्त क्लोरीनवर. टोकाच्या नळालाही 0.2 पीपीएम तरी दिसायला हवं, टँकरचं पाणी घेत असाल तर रोज तपासा.

बंद विंगमधले सगळे नळ, गरम-थंड दोन्ही, आठवड्यातून एकदा काही मिनिटं सोडायला हवे होते. आता टाकी धुऊन लाइनमध्ये 50 पीपीएम क्लोरीन तासभर ठेवा, टोकाच्या नळापर्यंत पोचल्याची खात्री करा, मग पूर्ण धुऊन काढा. शॉवरची जाळी आधी उतरवून क्षार काढा. पाणी सोडताना फवारा उडू देऊ नका, कारण संसर्ग बारीक थेंब श्वासात गेल्याने होतो.

टॉवरमध्ये क्लोरीन घालता, पण तळाला गाळ असेल तर तो गाळच क्लोरीन खातो, आणि पीएच 8 च्या वर गेला की क्लोरीनचा जोर कमी पडतो. बेसिन उपसून घासा, टॉवरमधून बाहेर उडणारे थेंब अडवणारा ड्रिफ्ट एलिमिनेटर फुटलेला नाही ना ते पाहा. दर आठवड्याची डिप स्लाइड एकूण जिवाणू दाखवते, लिजिओनेला नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये कल्चर करून घ्या, रिपोर्टला दहाएक दिवस लागतात. नमुना डोस घालायच्या आधी घ्या. बाटलीत थायोसल्फेट असू द्या, नाहीतर वाटेत उरलेलं क्लोरीनच जिवाणू मारून टाकतं.