सेल्फीत नाक मोठं का दिसतं

राजहंसगडावरचा तुझा सेल्फी बघितला. नाक भज्यासारखं फुगलंय आणि कान गायब! तुझ्या नाकाचा दोष नाही, अंतराचा आहे.

हिशेब बघ. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण 12 सेंटीमीटर धर. फोन नाकापासून 45 वर असेल, तर कान 57 वर. म्हणजे कानाच्या मानानं नाक सव्वापटीहून मोठं उमटणार. तोच फोन दीड मीटरवर ठेवलास, तर हा फरक आठ टक्क्यांवर येतो.

म्हणून फोन तटाच्या दगडाला टेकव, मागचा कॅमेरा लाव, दहा सेकंदांचा टायमर दे आणि चेहरा चौकटीच्या मधोमध ठेव; कडेला वाईड लेन्स तो ताणते. नंतर कापून घे. जागेवर उभं राहून नुसतं झूम केलंस तर काही बदलत नाही, अंतर तेवढंच राहतं.

काढलेला फोटो सुधारायचाच असेल, तर फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये नाकाची रुंदी थोडी कमी कर. लेन्स करेक्शनच्या नादी लागू नको, ते सरळ रेषांसाठी. गालामागं लपलेले कान मात्र कशानंच परत येत नाहीत.