सीमानिश्चिती आणि सीमांकन: एकच का वेगवेगळं?

"बातमीत वाचलं की दोन देशांचा करार झाला, सीमा ठरली, आता सीमा आयोग सीमांकन करणार. सीमा ठरली असेल तर सीमांकन अजून कशाचं राहिलं? सीमानिश्चिती आणि सीमांकन हे एकच ना?"

नाही, दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हीच्या मधी कधीकधी वीस-वीस वर्षं जातात. सीमानिश्चिती म्हणजे हद्द कुठल्या डोंगरावरनं, कुठल्या नदीनं जाणार ते करारात शब्दांनी लिहिणं आणि नकाशावर रेघ मारणं. सीमांकन म्हणजे ती वाक्यं हातात घेऊन रानात जाणं आणि खांब रोवणं. अंकन म्हणजे खूण करणं, ते शब्दातच आहे. पेपरात दोन्हीला सरसकट सीमांकन लिहितात, वर मतदारसंघांच्या कामालाही कुणी परिसीमन म्हणतं कुणी सीमांकन, त्यामुळं घोळ होतो.

आपल्याकडचंच बघा. आमच्या भुदरगडच्या रानाचं आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र आहे, त्यात लिहिलंय "ओढ्याच्या वरच्या अंगाचं थोरल्याचं". ही झाली निश्चिती. पुढं दोन घरांत वाद झाला तेव्हा हद्द कायम मोजणी मागितली, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, मोजणीवाले आले, खुणा दाखवल्या, पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. हे झालं अंकन. आणि त्या दिवशी कळलं की वर गेल्यावर ओढ्याला दोन फाटे आहेत, आणि वाटणीपत्रात कुठला फाटा ते लिहिलेलंच नाही! आजोबांनी घरात बसून लिहिलं होतं, त्यांच्या डोक्यात एकच ओढा होता.

देशांच्या बाबतीत हुबेहूब हेच होतं आणि त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण अर्जेंटिना आणि चिलीचं आहे. १८८१ च्या करारात लिहिलं की हद्द अँडीज पर्वताच्या, पाणी विभागणाऱ्या, सगळ्यात उंच शिखरांवरनं जाईल. वाचायला एकदम स्वच्छ वाक्य. गगनबावड्याला घाटमाथ्यावर उभं राहिलं की ते पटतंसुद्धा, पावसाचं पाणी पश्चिमेला पडलं तर कोकणात उतरून अरबी समुद्राला आणि पूर्वेला पडलं तर कुंभी, पंचगंगा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला, म्हणजे कडा आणि पाणी विभागायची रेघ तिथं जवळपास एकच. सह्याद्रीवर हे वाक्य बऱ्यापैकी चाललं असतं.

पण दक्षिणेला पॅटागोनियात तसं नाही. तिथं बर्फाच्या नद्यांनी डोंगर आरपार कापलाय आणि त्यांनी वाहून आणलेल्या दगडमातीचे ढीग पूर्वेला सपाटीवर टाकलेत, त्यामुळं पाणी त्या ढिगाला अडून उलटं फिरतं आणि उंच शिखरांच्या मधून घुसून पश्चिमेला पॅसिफिकला जातं. म्हणजे शिखरं एकीकडं आणि पाणी विभागणारी रेघ त्यांच्या बरीच पूर्वेला. एकाच वाक्यातल्या दोन अटी दोन वेगळ्या जागा दाखवायला लागल्या. चिलीचे तज्ज्ञ बारोस अराना म्हणायचे पाणी बघा, अर्जेंटिनाचे मोरेनो म्हणायचे शिखरं बघा, आणि दोघंही करारावरच बोट ठेवून बोलत होते.

मोरेनोंनी १८९८ मध्ये जे केलं ते मला फार आवडतं. फेनिक्स नावाची एक नदी पश्चिमेच्या तळ्याला मिळत होती, म्हणजे पाणी पॅसिफिकचं. मोरेनोंनी मजूर लावून मातीच्या ढिगातनं चर खणला आणि तिचं पाणी पूर्वेच्या देसेआदो नदीत सोडलं, म्हणजे अटलांटिककडं. थोडी खणाई केली की जी रेघ सरकते तिच्यावर देशाची हद्द कशी ठेवायची, असा त्यांचा मुद्दा होता.

शेवटी प्रकरण ब्रिटिश राजसत्तेकडं लवादाला गेलं आणि १९०२ मध्ये निवाडा आला. राजाच्या वतीनं प्रत्यक्ष जाऊन बघणारा माणूस होता सर थॉमस होल्डिच, सर्व्हे ऑफ इंडियाचा, अफगाण सरहद्दीवरचा अनुभवी, म्हणजे आपल्याच मोजणी खात्यात तयार झालेला. निवाड्यानं ना सगळी शिखरं धरली ना सगळं पाणी, मधनं रेघ काढली. आणि १९०३ मध्ये होल्डिचच्याच देखरेखीखाली तुकड्या करून अधिकारी रानात गेले आणि नंबर टाकून खांब उभे केले. हे सीमांकन.

आता १६ नंबरच्या आणि १७ नंबरच्या खांबाची गोष्ट, कारण तिथंच आमच्या ओढ्याचं झालं ते झालं. निवाड्यात लिहिलं होतं की हद्द पालेना नदी ओलांडून समोरच्या एन्क्वेंत्रो नदीनं वर जाईल, तिच्या पश्चिम फाट्यानं सेरो व्हिर्हेन डोंगराच्या पश्चिम उतारावरच्या उगमापर्यंत, मग त्या शिखरावर चढून स्थानिक पाणलोटाच्या रेघेनं दक्षिणेला जनरल पास तळ्यापर्यंत. खांब १६ पालेनाच्या काठावर एन्क्वेंत्रोच्या मुखासमोर लागला, खांब १७ तळ्यापाशी, आणि मधी एकही खांब नाही. नकाशावर ओळ सलग असल्यामुळं कुणाला तेव्हा खटकलं नाही. नंतर प्रदेश नीट मोजला गेला तर कळलं की एन्क्वेंत्रोचा उगम त्या डोंगरावर नाहीच, नकाशा काढणाऱ्यानं वरचा भाग दुसऱ्याच ओढ्याचा जोडला होता. दरम्यान खोऱ्यात माणसं राहायला आलेली, गुरं चरत होती, शेतं झाली होती. कुणाच्या देशात आपण राहतो हे त्यांनी विचारायचं कुणाला?

शेवटी पुन्हा लवाद बसला आणि १९६६ मध्ये निवाडा आला. १६ नंबरचा खांब होता तिथंच धरला, कारण तो १९०३ साली रीतसर लागला होता आणि वर्षानुवर्षं मान्य राहिला होता. मधली रेघ नव्यानं ठरवून वादातला प्रदेश दोघांत वाटला. आणि मग १९६७ च्या सुरुवातीला जे आधीच व्हायला पाहिजे होतं ते केलं, १६ आणि १७ च्या मधी खांब लावले.

यावरनं आयोगाची खरी कामं काय ते दिसतं. दोन्हीकडचे लोक एकत्र जाऊन एकेक खांबाची जागा ठरवतात, त्याला नंबर देतात, तो नेमका कुठं आहे, पुढचा खांब कुठल्या दिशेला किती अंतरावर आहे, आजूबाजूला काय खूण आहे ते लिहून दोघं सही करतात. खांब पुराच्या पाण्यात वाहून गेला किंवा कुणी उपटला तर ह्या नोंदीवरनं तो परत तिथंच लावता येतो, म्हणून खांबापेक्षा ती नोंद महत्त्वाची. आणि एका खांबावरनं पुढचा दिसला पाहिजे, नाहीतर मधी उपखांब घालायचे, झाडी असली तर पट्टा तोडून रेघ मोकळी ठेवायची. भारत-नेपाळ हद्दीवर असा मोकळा पट्टा आहे, त्याला तिकडं दशगजा म्हणतात, दहा गजांचा म्हणून. किती नेटका शब्द आहे, आपल्याकडंही वापरायला हरकत नाही.

तर तुमच्या बातमीत बरोबर वाक्य असं होईल: करारानं सीमा निश्चित झाली, आयोग आता तिचं सीमांकन करेल. आणि आयोगाचा अहवाल आला की खांबांचे नंबर बघा आणि दोन नंबरांच्या मधलं अंतर बघा, पुढचं भांडण बहुतेक तिथंच असतं. आमच्या फाट्यावर आता दगड पुरलेला आहे, दोन्ही घरांच्या सह्यांचा.