छोट्या कार्डावरचे दोन वाक्यांचे आभार

प्रश्न: मुलीच्या वर्गशिक्षिका या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांना द्यायला छोटं ग्रीटिंग कार्ड आणलंय, आत जेमतेम दोन वाक्यं मावतील. मी काहीही लिहिलं तरी छापील वाटतं. मनापासूनचे आभार दोन वाक्यांत कसे लिहायचे?

उत्तर:

छापील वाटतं, कारण ते कुणालाही देता येईल असं असतं. ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक आभार’ हे वाक्य बाईंना चालतं, डॉक्टरांना चालतं, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही चालतं. ज्या वाक्यावरचं नाव बदलून तेच कार्ड दुसऱ्याला देता येतं, ते वाक्य खोडा. पहिल्या वाक्यात त्या माणसानं काय केलं ते लिहा, डोळ्यांना दिसेल असं. दुसऱ्या वाक्यात त्यामुळे तुमच्या घरात काय झालं ते लिहा. तिसरं वाक्य लागतच नाही.

एवढं सांगून थांबता आलं असतं, पण या विषयावर माझा आणि दादाचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सोलापूरचे. दादा पुण्याला असतो, मी आईजवळ राहते आणि कापडाच्या दुकानात हिशेबाला बसते. दोन-तीन वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. सकाळी तिचं सगळं आवरून मी दुकानात जायचे आणि रात्री यायचे. मधली दुपार मोठी. सोलापूरची दुपार, पारा 42 च्या वर, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि उठता न येणारी बाई घरात एकटी.

शेजारी आक्का राहतात. तेलुगू घर, नवरा पूर्वी चादरीच्या मागावर होता, आक्का लग्न झाल्यापासून घरी बिड्या वळतात. त्यांना मी काही विचारलंही नव्हतं. आईला आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या मांडीवरचं तंबाखू-पानांचं सूप उचलून आमच्याकडे आल्या, खाटेशेजारी खिडकीखाली बसल्या आणि कामाला लागल्या. मी म्हटलं, आक्का, तुमचं काम अडेल. त्या म्हणाल्या, “तिथं वळलं काय न् इथं वळलं काय, हात तेच की गं.”

पण ते खरं नव्हतं, आणि ज्यांच्या घरी बिडीचं काम आहे त्यांना हे लगेच कळेल. पानं आदल्या दिवशी भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, फर्म्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पैसे हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागे मिळतात, तासावर नाही. कारखान्यात बिड्या मोजून घेतात आणि नीट न वळलेल्या बाजूला काढतात. म्हणजे आईला पाणी द्यायला, कूस बदलायला, बेडपॅन लावायला आक्का जितक्या वेळा उठल्या, तितक्या वेळा हात धुतले, आणि तितक्या बिड्या त्या दिवशी कमी झाल्या. हे त्यांनी पावसाळा लागेपर्यंत केलं. पैशाचा विषय मी एकदा काढला, तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आई काठी घेऊन चालायला लागल्यावर आम्ही आक्कांना साडी घ्यायचं ठरवलं. सोबत कार्ड द्यायचं हे माझं. साडी सणालाही देतात, लग्नातही देतात. ही कशासाठी ते कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला वाटत होतं. दादाचा पहिला आक्षेप, घरच्यासारख्या माणसाचे आभार मानले की ते परकं होतं. हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. माझं म्हणणं असं, की ज्यांनी कधी कुणाचं केलेलं बघितलेलंच नसतं त्यांना हे वाक्य फार सोयीचं पडतं. आक्का आमच्या घरच्या नव्हत्या. त्यांना स्वतःचं घर होतं, सून होती, नातवंडं होती, आणि ते सोडून त्या आमच्याकडे बसत होत्या. ‘घरच्यासारख्या’ म्हणून ते गिळून टाकायचं?

मग दादानं मजकूर पाठवला: ‘आईच्या आजारपणात आपण एकही पैसा न घेता केलेल्या अमूल्य सेवेबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले शतशः ऋणी आहोत. आपले उपकार आम्ही कधीही विसरू शकणार नाही.’ वाक्यं दोनच आहेत, म्हणजे तुमची अट पूर्ण होते. पण यात आक्का कुठे आहेत? ‘सेवा’ वाचून काय डोळ्यांपुढे येतं? आणि ‘एकही पैसा न घेता’ हे तर लिहूच नये. कार्ड एकट्यानं वाचलं जात नाही, घरात मोठ्यानं वाचलं जातं. आक्कांचं शिक्षण तिसरी-चौथीपर्यंत, मराठी अक्षर अक्षर लावून वाचतात, म्हणजे कार्ड नातू वाचणार हे मला माहीत होतं. सून समोर असणार. जिच्या घरात हजारीवर चूल चालते तिच्यासमोर, सासूनं किती दिवस फुकट घालवले हे आपण कार्डावर छापून द्यायचं का?

मी पाठकोऱ्या कागदाचा कार्डाएवढाच तुकडा कापला आणि त्यावर लिहायला बसले. हे तुम्हीही करा, कारण वहीच्या पानावर दोन वाक्यं नेहमी मावतात आणि कार्डावर मावत नाहीत. माझं कार्ड घडीचं, आतली बाजू साधारण साडेतीन इंच रुंद, अडीच इंच उंच. आपल्या लिपीला ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि म्हाताऱ्या माणसाला अक्षर लागत नाही. ओळींत आठ मिलिमीटर तरी अंतर हवं. कडेनं थोडी जागा सोडली की सहा ओळी बसतात. एक ओळ सहीला गेली, उरल्या पाच, एका ओळीत चारेक शब्द. म्हणजे तुमच्याकडे वीस-बावीस शब्द आहेत. ‘मनःपूर्वक’, ‘शतशः’, ‘अमूल्य’ ही मंडळी एवढ्या जागेत पाहुणी म्हणून परवडत नाहीत. त्यातून कार्डाच्या दर्शनी बाजूला ‘आभार’ छापलेलंच असतं, आत पुन्हा लिहायची गरज नाही.

माझं पहिलं लिहिलेलं असं होतं: ‘आक्का, आई पडल्यापासून ती बरी होईपर्यंत तुम्ही रोज दुपारी स्वतःचं काम घेऊन आमच्या घरी येऊन तिच्याजवळ बसलात आणि तिचं सगळं केलंत.’ हे एकच वाक्य एकवीस शब्दांचं झालं. मोठ्यानं वाचलं तर मध्ये दम लागतो. नातवाला एका दमात वाचता यायला हवं, म्हणून कापाकापी केली. आई पडली हे आक्कांना माहीत आहे, गेलं. ‘तिचं सगळं केलंत’ गेलं, कारण बेडपॅनही त्यात येतं आणि ते आईलाही नको होतं. ‘स्वतःचं काम’ पुसट वाटलं, तिथे सरळ सूप आलं. शेवटी कार्डावर हे लिहिलं:

‘आक्का, सगळा उन्हाळा तुम्ही बिड्यांचं सूप घेऊन आईच्या खाटेशी बसलात. त्यामुळे आई एकटी राहिली नाही आणि मला दुकानात निर्धास्त बसता आलं.’

दादा यावरच भडकला. बिड्यांचं सूप लिहून तू त्यांना कमी लेखतेस, असं त्याचं म्हणणं. गरीब बाई म्हणून आठवण करून दिल्यासारखं वाटेल, ‘सेवा’ म्हणण्यात मान असतो. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या सुपावर आक्कांनी तिन्ही मुलांची लग्नं केली. ते काम त्या कधी लपवत नाहीत, कुणी आलं म्हणून सूप खाटेखाली सरकवत नाहीत. लाज वाटत होती ती दादाला, आणि मान द्यायचा म्हणून मोठे शब्द शोधायची सवय आपल्याला तिथूनच लागते. केलेल्या कामाचं साधं नाव घ्यायला आपण कचरतो, मग ‘अमूल्य सहकार्य’ लिहितो आणि वर म्हणतो की छापील वाटतंय.

कार्ड नातवानंच वाचलं. आक्कांनी मध्येच विचारलं, “सूप लिहिलंय?” आणि त्याला पुन्हा वाचायला लावलं. साडी त्यांनी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला नेसली. कार्ड बँकेचं पासबुक आणि बिडी कामगाराचं ओळखपत्र ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, मी बघितलंय. दादाला हे सांगितलं, तर म्हणाला, कार्ड कुणीही जपून ठेवतं. तर तसंच असो.

आता तुमच्या बाईंचं. तुम्ही त्यांनी काय केलं हे प्रश्नात लिहिलेलंच नाही, म्हणून मी मजकूर देऊ शकत नाही, आणि दिला तर तो पुन्हा छापीलच होईल. मुलीला विचारा. ‘बाई चांगल्या आहेत’ असं ती म्हणेल, त्यावर थांबू नका; कधी चांगल्या वागल्या ते विचारा. समजा तिनं सांगितलं की पाढे चुकले तेव्हा बाईंनी वर्गात काही न बोलता मधल्या सुट्टीत शेजारी बसवून म्हणवून घेतले. मग लिहा: ‘बाई, पाढे चुकायचे तेव्हा मधल्या सुट्टीत तुम्ही मला शेजारी बसवून म्हणवून घेतलेत. आता मी धाकट्या भावाला तसंच बसवते.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच, बरं का. नसेल तर जे खरं झालं ते. ‘मोठी होऊन तुमचं नाव काढेल’ हे अजून झालेलं नाही, ते नको. ‘कधी काही लागलं तर सांगा’ हेही नको, ते करून दाखवायचं असतं.

कार्ड गुळगुळीत असेल तर जेल पेन घेऊ नका. त्या कागदात शाई मुरत नाही, मिटल्यावर समोरच्या पानावर उमटते. साधं बॉलपेन घ्या आणि आधी मागच्या कोपऱ्यात एक रेघ ओढून बोट फिरवून बघा.

एक सांगायचं राहिलं. माझा नियम सगळीकडे चालत नाही. ज्या माणसाला आपलं काम किंवा आपली मदत चारचौघांत कळू नये असं वाटतं, त्याच्या कार्डावर ते नाव घेऊन लिहू नका. तिथे दुसरं वाक्य तेवढं ठेवा. दुःखाच्या प्रसंगी धावून आलेल्यांनाही मी असं कार्ड देणार नाही, त्यांच्या घरी जाऊन येईन. आणि पैशांची मदत असेल तर आकडा लिहू नये, त्या पैशांनी काय झालं ते लिहावं.

सही मुलीला करू द्या. पाचवी-सहावीत असेल तर पूर्ण मजकूरही तिच्याच हातानं लिहून घ्या, आणि तिचं अक्षर मोठं असेल तर पंधरा शब्दांत बसवा.