‘नीट’ परीक्षेत अपयश आल्यानंतर मुलाला कोणते पुस्तक द्यावे, आणि स्वतः कोणते वाचावे

‘मुलगा दुसऱ्यांदा नीटमध्ये कमी पडला. खोलीतून फारसा बाहेर येत नाही, आम्हीही आतून खचलो आहोत. त्याला आणि आम्हा दोघांना उभारी येईल अशी मराठी पुस्तके कोणी सुचवेल का? – निपाणीजवळून एक आई’

ताई, मी बेळगावचा, आणि हेच दिवस आमच्या घरी चार वर्षांपूर्वी येऊन गेले. मी मानसतज्ज्ञ नाही, तेव्हा पुढचे सारे एका बापाचा अनुभव म्हणूनच वाचावे.

माझी सर्वांत मोठी चूक पुस्तकाचीच होती. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मी ‘अग्निपंख’ आणले. कलामांच्या या आत्मकथेचा मराठी अनुवाद माधुरी शानभाग यांनी केला आहे. वायुदलाच्या निवडीसाठी कलाम डेहराडूनला गेले, पंचवीस जणांत नववे आले आणि घेतले गेले फक्त आठ. तिथून ते निराश होऊन ऋषिकेशला स्वामी शिवानंदांकडे गेले. मी स्वामींच्या उपदेशाखाली लाल पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि पुस्तक मुलाच्या उशाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी ते दिवाणखान्यातल्या टेबलावर परत आले होते. तो एवढेच म्हणाला, ‘बाबा, ते नववे होते. माझा नंबर कितवा आहे, पाहिलात का?’

त्याचे खरे दुखणे मला फार उशिरा कळले. उपदेशाच्या आधी निराशेच्या ओळी येतात, आणि नेमक्या त्यांच्याखाली मी रेघ ओढली नव्हती. त्याला तिसऱ्याच दिवशी दुःखातून बाहेर काढण्याची घाई मला झाली होती. पुस्तक उत्तम आहे. देण्याची वेळ आणि रेघा चुकल्या. त्याच आठवड्यात ज्या क्लासने आमची दोन वर्षांची फी घेतली होती, त्यांनी यशस्वी मुलांच्या फोटोंची पुस्तिका आणि ‘रिपीटर’साठी सवलतीचे पत्रक घरपोच पाठवले. त्याविषयी अधिक न बोललेलेच बरे.

म्हणून माझे ठाम, कदाचित एकांगी मत असे आहे की पहिले पुस्तक आईवडिलांनी स्वतःसाठी आणावे. आम्हाला डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ उपयोगी पडले. अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती त्यात मराठी माणसाच्या भाषेत आली आहे. तिचे सूत्र असे की घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये आपली एक समजूत उभी असते, आणि तीव्र त्रास बहुधा त्या समजुतीतल्या हट्टापोटी होतो. हे वाचून कळते, पण करून पाहिल्याशिवाय उपयोग होत नाही. मी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात लिहिले, ‘सीट मिळाली नाही.’ तिसऱ्यात लिहिले, ‘रात्री झोप नाही, लग्नकार्यांना जाणे टाळतो, मुलावर चिडतो.’ मधला रकाना दोन दिवस रिकामा राहिला. अखेर प्रामाणिकपणे लिहिले, ‘माझ्या मुलाने डॉक्टर व्हायलाच हवे, नाहीतर भावकीत मान खाली जाईल.’ त्या वाक्यातला ‘च’ मी खोडला. ‘तो डॉक्टर झाला असता तर मला फार आवडले असते’ असे लिहिल्यावर दुःख तसेच राहिले, पण चिडचिड ओसरली. या पद्धतीत दुःख नाहीसे होत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. माणसाला काम करू न देणारे नैराश्य तेवढे सुटे होऊ लागते.

कागद मी मुलाला दाखवला नाही, पण कपाटातही लपवला नाही. दहाबारा दिवसांनी त्याने तो वाचला आणि खाली आपले वाक्य लिहिले, ‘मी नापास झालो म्हणजे मी बिनकामाचा आहे.’ त्यावर मी एकच प्रश्न विचारला, ‘पेपर ७२० गुणांचा होता, तुझे चित्र, तुझी सायकलदुरुस्ती, आजीला दवाखान्यात नेणे, हे त्यातल्या कोणत्या प्रश्नात विचारले होते?’ तो हसला नाही, पण त्या रात्री आमच्याबरोबर जेवायला बसला.

मुलाने स्वतःहून वाचलेले पहिले पुस्तक मात्र प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’. त्यात परीक्षेतल्या अपयशाचा उपदेश नाही; आजीआजोबांकडे राहणारा लंपन आहे आणि आपल्या भागातली कन्नड मिसळलेली मराठी आहे. कदाचित त्यामुळेच त्याने ते हातात धरले असेल. त्यानंतर महिन्याभराने ‘अग्निपंख’ त्यानेच मागितले.

एक गोष्ट मात्र पुस्तकांवर सोपवू नये. झोप आणि भूक दोन आठवडे हरपलेली असेल, किंवा ‘जगून काय करायचे’ असे शब्द निघाले, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आणि चोवीस तास चालू असतो, आणि त्यावर बोलण्याची भाषा निवडता येते.

आणि पुस्तक वाचनालयातून आणणार असाल, तर घरी नेण्याआधी पाने चाळून पाहा. आमच्यासारख्याच कुणा बापाने त्यात आधीच लाल रेघा ओढून ठेवलेल्या असू शकतात.