कार्टेलमध्ये, म्हणजे आपसात गुपचूप दर ठरवणाऱ्या कंपन्यांमध्ये, जो पहिला स्पर्धा आयोगाकडे कबुली देईल त्याला दंड माफ, हा सरळसरळ प्रिझनर्स डिलेमा आहे ना? मग सगळी कार्टेलं लगेच फुटत का नाहीत?

कारण तो सुरुवातीला प्रिझनर्स डिलेमा, म्हणजे समोरचा काहीही करो आपल्याला बोलणंच फायद्याचं पण दोघं बोलले तर दोघांचंही नुकसान असा खेळ, नसतोच. हे मी पुस्तक वाचून नाही सांगत, काकांच्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये टेंडर भरायचं काम माझ्याकडे होतं तेव्हाचं सांगतोय.

शाळेचे लोखंडी बाक. टेंडरला तीन फर्म कायम ठरलेल्या, आम्ही आणि अजून दोघं. प्रत्येक वेळी एकाचा नंबर, बाकी दोघांनी मुद्दाम चढ्या दराचं सपोर्ट टेंडर टाकायचं. तिघांच्या डिजिटल सहीचे डोंगल आमच्याच ऑफिसात, फरसाणच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात, प्रत्येकावर मार्करने नाव लिहिलेलं. मी एकाच लॅपटॉपवरून तिन्ही भरायचो. आमचा दर 4,180 टाकला की एक डोंगल काढून दुसरा लावायचा आणि 4,390, मग तिसरा, 4,460. कधीकधी तिघांची ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत रक्कम, पण आमच्याच खात्यातून जायची, कारण त्या दोघांना आळस. आता विचार केला तर हसू येतं, चोरी करून वर पावती फाडून ठेवल्यासारखं होतं ते. (पुण्यात महापालिकेच्या कचरा प्रक्रियेच्या टेंडरमध्ये अशीच रिंग निघाली होती, 2018 ला स्पर्धा आयोगाचा आदेश आला, त्यातही एकाच आयपी अॅड्रेसवरून बिडं भरल्याचं निघालं. तेव्हा आम्ही काही जगावेगळे नव्हतो.)

आता गणित. आकडे माझे, सोयीसाठी, आणि तिघांऐवजी दोघंच धरतो. समजा पकडले गेलो तर दंड 100 लाख, रिंग चालू राहिली तर पुढे नफा 30 लाख, आणि पकडले जायची शक्यता दहात एक. दोघंही गप्प बसले तर प्रत्येकाला 30 वजा 10, म्हणजे 20 लाख हातात. मी एकटा जाऊन बोललो तर दंड शून्य पण धंदाही बंद, म्हणजे शून्य. समोरचा गप्प बसणार याची खात्री असेल तर कोण शहाणा 20 सोडून शून्य घेईल? पण समोरचा बोलला आणि मी गप्प राहिलो तर मला पूर्ण 100 चा फटका, म्हणून तो बोलणार असं वाटलं की मीही पळत सुटणार. म्हणजे दोन्हीकडे तोल बसतो, सगळे गप्प किंवा सगळे पळाले. याला गेम थिअरीत स्टॅग हंट म्हणतात, प्रिझनर्स डिलेमा नाही. कार्टेलं वर्षानुवर्षं टिकतात ती यामुळेच, दोस्तीमुळे नाही.

मग एक दिवस पत्र येतं. आमच्यातल्या एकाला आयोगासाठी तपास करणाऱ्या महानिदेशकांच्या ऑफिसातून आलं, अमुक टेंडरांची माहिती द्या म्हणून. त्याने काकांना फोन केला आणि काका म्हणाले, "काही नाही, रुटीन असतं." इथे खेळ बदलतो. पत्र आलं म्हणजे पुढची टेंडरं बंद, 30 लाखांचा नफा शून्य झाला. शक्यता दहात एकवरून दहात दोन झाली समजा. आता दोघं गप्प तर प्रत्येकी वजा 20. मी एकटा पहिला गेलो तर शून्य. दोघंही पळालो तर निम्मा चान्स पहिला यायचा आणि निम्मा दुसरा, दुसऱ्याला जास्तीत जास्त निम्मी सूट धरली तर सरासरी वजा 25. गप्प राहून समोरचा बोलला तर वजा 100. समोरचा काहीही करो, मला बोलणंच फायद्याचं, आणि तरी दोघं बोललो तर दोघं गप्प राहण्यापेक्षा वाईट. हा तुमचा खरा प्रिझनर्स डिलेमा. शक्यता अजून वाढून चारात एकच्या वर गेली तर डिलेमाही उरत नाही, सरळ पळत सुटायचं.

मी हे सगळं शुक्रवारी रात्री एका जुन्या चलनाच्या मागे पेनने मांडून काकांना दाखवलं आणि म्हटलं, सोमवारी वकिलाकडे जाऊ. काका म्हणाले, "पंधरा वर्षं एकत्र चहा पितोय आम्ही, तू मला माणसं शिकवतोस?" गणपती जाऊ देत मग बघू म्हणाले. गौरी-विसर्जन झालं आणि गुरुवारी वकिलाने अर्ज टाकला तेव्हा उत्तर आलं की तुमचा नंबर दुसरा. सोमवारीच कोणीतरी येऊन गेलं होतं. तीन दिवस.

तीन दिवसांचा फरक किती असतो हे बघायचं तर ड्राय सेल बॅटरीची केस बघा, एप्रिल 2018 चा आदेश. पॅनासॉनिक सगळ्यात आधी गेली, छापा पडायच्याही आधी, तिला 100 टक्के माफी. ऑगस्ट 2016 ला छापे पडल्यावर एव्हरेडी आणि निप्पोवाली इंडो नॅशनल आली, त्यांना 30 आणि 20 टक्के. सूट धरूनही एव्हरेडीला 171 कोटींच्या वर दंड. आणि पहिला नंबर म्हणजे आपोआप शून्य, असंही नाही. आपल्याकडे कायदा "100 टक्क्यांपर्यंत" म्हणतो, ते "पर्यंत" फार महत्त्वाचं. रेल्वेच्या पंख्यांच्या केसमध्ये, जानेवारी 2017, अर्जदार एकच होता तरी 75 टक्केच मिळाली, कारण तो यायच्या आधीच आयोगाच्या हातात पुरावा होता. अमेरिकेत ही स्कीम 1978 पासून होती पण माफी द्यायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर, तेव्हा वर्षाला जेमतेम एखादा अर्ज यायचा. 1993 ला तपासाआधी पहिला येणाऱ्याला माफी आपोआप मिळेल असं केलं, मग महिन्याला एक यायला लागला. माझ्या मते आपली स्कीम अजून त्या "पर्यंत"मध्ये अडकलीय, 2024 चे नवे नियम आले तरी.

काका अजूनही म्हणतात की ज्याने बोलून टाकलं तो गद्दार. काका, हे वाचणार नाहीत तुम्ही, पण तो गद्दार नव्हता, त्याला फक्त शुक्रवारचा माझा कागद आधी समजला. गद्दारी तर त्या शाळांशी आपण तिघांनी मिळून केली होती, 4,180 चा बाक 3,400 ला पण परवडत होता आपल्याला.

आता थोडं उशिरा सांगतो, पण सांगायला हवं. नुसता फोन करून नंबर लागतो, पण त्यानंतर साधारण 15 दिवसांत पूर्ण माहिती पुराव्यासकट द्यावी लागते, नाहीतर नंबर जातो. अर्ज केल्यापासून रिंगमधून बाहेर पडावं लागतं, आयोगाने वेगळं सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि माफी फक्त आयोगाच्या दंडाची. टेंडर काढणारा ब्लॅकलिस्ट करू शकतो, ज्याचं नुकसान झालं तो भरपाई मागू शकतो, ते सगळं वरच्या माझ्या गणितात घातलेलं नाही. ते घातलं तर पहिल्याचा शून्यही शून्य राहत नाही आणि लोक अजून थोडे दिवस गप्प बसतात. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातही आहे थोडं.

तो सोमवारवाला अजून दिवाळीला फराळ पाठवतो. काका फोन घेत नाहीत त्याचा, पण चकल्या खातात.